बाकी सगळे नळ धो धो, बेसिनचा एकच करंगळीएवढा. नेमकं कुठे शोधायचं?

उंबरठा

बाथरूममधल्या बेसिनच्या नळाची धार गेले चार-पाच महिने हळूहळू बारीक होत चालली आहे. आता तर ओंजळ भरायला थांबावं लागतं. गंमत म्हणजे त्याच बाथरूममधला खालचा बादली भरायचा नळ व्यवस्थित चालतो आणि स्वयंपाकघरातला सिंकचाही. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. टाकी बेसिनच्या नळापेक्षा साधारण ५ मीटर वर असेल.

नळाच्या तोंडाची जाळी काढून पाहिली. पांढरा थर होता, तो घासून काढला. फरक पडला असं वाटलं, पण डोळ्याला दिसण्याइतका नाही. प्लंबरला फोन केला तर न बघताच म्हणाला, "नळ बदलून टाका." नवा नळ आणायच्या आधी इथे विचारावं म्हटलं. बेसिनचा नळ साधा, एकाच पाण्याचा आहे, गरम-गार मिक्सर नाही. खाली भिंतीत अँगल कॉक आणि तिथून नळापर्यंत स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाईप.

सुहास_क

टाकीची उंची कमी पडतेय. ५ मीटर म्हणजे अर्धा बारसुद्धा दाब नाही. हल्लीचे नळ जास्त दाबासाठी बनवलेले असतात. टाकीच्या आउटलेटला छोटा प्रेशर पंप लावा, सगळ्याच नळांना फायदा होईल.

भिंगरी

एअर लॉक! आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. पाईपमध्ये हवा अडकते आणि पाणी पुढे सरकत नाही. टाकी मध्यंतरी रिकामी झाली होती का?

निवांत

आमच्याकडेही सकाळी सात ते नऊ सगळ्याच नळांना पाणी कमी येतं. यावर काही उपाय सापडला तर कृपया इथेच लिहा.

उंबरठा

@निवांत, तुमचे सगळे नळ कमी आहेत, माझा एकच. वेगळं दुखणं दिसतंय :)

@भिंगरी, टाकी रिकामी झाल्याचं आठवत नाही.

पान्हावाला

सुहास, दाबाचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. १० मीटर पाण्याला जवळपास १ बार, म्हणजे ५ मीटरला अर्धा बार, इथपर्यंत ठीक. पण तोच अर्धा बार बादलीच्या नळालाही मिळतोय. तो नळ खाली आहे म्हणून थोडा जास्त मिळत असेल, इतकंच. एकाच टाकीचं पाणी, एकाच बाथरूममधले दोन नळ, एक चालतो आणि एक नाही. मग दाबाला दोष कसा देणार?

नळ बंद असताना पाईपमध्ये सगळीकडे दाब पूर्ण असतो, मध्ये कितीही कचरा असला तरी. अडथळा बंद पाण्यात दिसत नाही, वाहत्या पाण्यातच दिसतो. उंबरठाताई, एक करून बघा. नळ पूर्ण उघडा आणि तोंड अंगठ्याने घट्ट दाबून चार-पाच सेकंद धरा. मग अंगठा पटकन काढा. पहिला फवारा जोरात येऊन लगेच धार मरते का?

आणि पंप लावून भागत नाही ते यासाठी: बारीक भोकातून दुप्पट पाणी काढायचं तर दाब चौपट लागतो. आता येतंय त्याच्या दुप्पट झालं तरी ते रडकंच असणार. बाकीच्या नळांतून मात्र अंगावर उडेल.

भिंगरीताई, एअर लॉक असा महिनोन्‌महिने हळूहळू वाढत नाही. तो अचानक येतो, बहुतेकदा टाकी रिकामी होऊन परत भरल्यावर. आणि नळ एकतर गुळण्या करतो नाहीतर पूर्ण बंद पडतो. "चार-पाच महिने हळूहळू" या तीन शब्दांत अर्धं निदान आहे. काहीतरी साचतंय.

भिंगरी

पटलं. आमचा खरंच एका दिवसात बंद पडला होता.

उंबरठा

अंगठ्याचा प्रयोग केला. अंगठा काढल्यावर अर्धा सेकंद पाणी बेसिनच्या बाहेर उडालं आणि मग परत करंगळी. याचा अर्थ काय?

पान्हावाला

अर्थ असा की अडथळा बहुतेक नळाच्या तोंडाशी नाही, मागे आहे. थांबल्यावर मागून पाणी झिरपत येतं, रबरी कनेक्शन पाईप किंचित फुगतो, कुठे थोडी हवा असली तर ती दाबली जाते. उघडल्याबरोबर तेवढा साठा सुटतो आणि संपतो. अडथळा तोंडाच्या जाळीतच असता तर असा फवारा आला नसता, पहिल्या क्षणापासून धार तेवढीच राहिली असती. पण हा इशारा झाला, पुरावा नव्हे. पुरावा मोजून मिळतो.

एक लिटरची रिकामी बाटली घ्या आणि मोबाईलवर सेकंद मोजा. आधी सिंकचा नळ पूर्ण उघडून बाटली किती वेळात भरते ते लिहा. मग बेसिनचा, जाळीसकट. मग जाळी काढून. बाकी कशाला हात लावू नका. "फरक पडल्यासारखं वाटतंय" या वाटण्यानेच लोक तीन-तीन नळ बदलतात.

मोहरा

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण इथेच विचारतो. आमच्याकडे एका दांड्याचा मिक्सर आहे. गार पाणी जोरात, गरम बाजूला वळवलं की धार अर्धी. गीझरचा दोष म्हणावा तर शॉवरला गरम पाणी छान येतं.

पान्हावाला

शॉवर त्याच गीझरवर असेल तर गीझर आणि तिथपर्यंतची लाईन सुटली. उरलं ते बेसिनच्या गरम बाजूचा अँगल कॉक, कनेक्शन पाईप आणि मिक्सरच्या आतलं कार्ट्रिज. दोन्ही अँगल कॉक बंद करा आणि पाईप अदलाबदल करून लावा, गरमचा पाईप मिक्सरच्या गार बाजूला आणि गारचा गरम बाजूला. आता दांडा गार बाजूला वळवल्यावर गरम पाणी येईल. ते अजूनही बारीक असेल तर दोष पाईपात किंवा कॉकमध्ये आहे. गरम पाणी सुधारलं आणि गार बारीक झालं, तर दोष मिक्सरच्या त्या बाजूला आहे. फुकटात निकाल.

मोहरा

कल्पना झकास आहे, पण पाईप इतके आखूड आहेत की पलीकडे पोचतच नाहीत. बघतो काय करता येतं ते.

उंबरठा

मोजलं. सिंक: ७ सेकंद. बादलीचा नळ: तोही ७. बेसिन जाळीसकट: ४३ सेकंद (!!). जाळी काढून: ४१. जाळीत अजून थोडा थर राहिला होता, तो आता नीट साफ केला.

सुहास_क

म्हणजे जाळीचा दोष होताच की. दोन सेकंद सुधारले. अजून आत क्षार असणार. नळात आणि पाईपात थोडं अ‍ॅसिड सोडा, अर्धा तास ठेवा आणि धुऊन टाका. बाथरूमच्या फरशीवरचा थर जातो तसा हाही जाईल.

पान्हावाला

अ‍ॅसिड अजिबात नको. फरशी धुवायचं अ‍ॅसिड पितळ खातं, क्रोमचा मुलामा उडवतं, जस्ताचा थर तर आधी खातं. शिवाय अडथळ्यामागे साचलेल्या पाण्यात ते जाऊन मिसळणार आणि तेच पाणी उद्या तुम्ही तोंडात घेणार. सुटी काढलेली जाळी दोन तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायला हरकत नाही, भिंतीतल्या पाईपात काही ओतायचं नाही.

आणि त्या दोन सेकंदांबद्दल. एकामागोमाग एक अडथळे असतील तेव्हा सेकंदांची सरळ बेरीज होत नाही, सेकंदांच्या वर्गांची होते. ४३ चा वर्ग १८४९, ४१ चा १६८१. फरक १६८. म्हणजे ती मळकी जाळी एकटीच असती तर बाटली साधारण १३ सेकंदांत भरली असती. तेव्हा जाळी खराब होती हे सुहासचं म्हणणं खरं आहे. पण १८४९ पैकी १६८ तिचे, बाकीचे १६८१ कुणाचे? ते अजून पुढे, म्हणजे भिंतीच्या दिशेला आहेत.

आता एकेक तुकडा नळाकडून भिंतीकडे काढत जायचं आणि दर वेळी बाटली भरायची. ज्याच्या काढण्याने वेळ धाडकन कमी होईल तो चोर.

पहिला टप्पा: अँगल कॉक बंद करा, कनेक्शन पाईपचं वरचं टोक नळापासून सोडा आणि ते बाटलीत धरून कॉक पूर्ण उघडा. टोक शक्यतो नळाच्या तोंडाइतक्याच उंचीवर धरा. ५ मीटरच्या टाकीला वीतभर इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, पण टाकी दोनच मीटर वर असेल तर त्यानेही आकडा हलतो.

दुसरा टप्पा: कनेक्शन पाईप पूर्ण काढून नुसत्या अँगल कॉकमधून. पाणी आडवं उडेल. बाटलीचा गळा कापून तोंडाशी धरा म्हणजे अंगावर येणार नाही.

भिंगरी

कनेक्शन पाईपवर माझा संशय आहे. आमच्याकडे बाहेरून स्टीलची जाळी चकचकीत होती, आणि आतली रबरी नळी पिळवटून चिकटली होती. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

पान्हावाला

होतं तसं. पाईप बसवताना नट आवळताना पाईपही सोबत फिरला की आतल्या नळीला पीळ बसतो. दुसरा प्रकार म्हणजे टोकाचं वायसर जास्त आवळल्यामुळे आत फुगून भोकावर येतं. दोन्ही गोष्टी दुसऱ्या टप्प्यात उघड्या पडतात. कनेक्शन पाईप काढल्यावर वेळ एकदम उतरला तर भिंगरीताईंचा संशय खरा.

उंबरठा

पहिला टप्पा: ४० सेकंद. दुसरा टप्पा, नुसता अँगल कॉक: ४०. बाथरूमची फरशी आता वर्षभर धुवायला नको.

म्हणजे नळ निर्दोष? प्लंबर "नळ बदला" म्हणाला होता तो नळ??

पान्हावाला

निर्दोष. नळ काढल्याने ४१ चे ४० झाले, आणि चांगला नळसुद्धा तेवढं खातोच. नवा नळ लावला असता तरी ४१ च राहिले असते. कनेक्शन पाईपही सुटला.

सुहास_क

मग आता अँगल कॉक. माझ्या मते तोच. चिनी मातीच्या चकत्यांचे जे पाव फेऱ्याचे कॉक असतात त्यांच्यात टेफ्लॉन टेपचे तुकडे अडकतात. आमच्या वॉशिंग मशीनच्या कॉकमध्ये अख्खी दोऱ्याची गुंडाळी निघाली होती.

पान्हावाला

शक्य आहे, सुहास. जुन्या फिरकीच्या कॉकमध्ये आणखी एक प्रकार असतो. वायसर धरणारी फुली सुटून बसकीवर पडलेली असते, स्पिंडल वर येते पण वायसर खालीच. फिरवताना हाताला सगळं नॉर्मल लागतं.

पण आता खरी काळजी घ्यायची आहे. अँगल कॉक भिंतीतून काढायचा तर आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद हवा आणि तो खरंच बंद होतो का हे कॉक उघडून तपासायला हवं. जुने गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत, पाणी ठिबकत राहतं. तुमचा बादलीचा नळ बेसिनच्या कॉकपेक्षा खाली आहे ना? तो उघडाच ठेवा. गळणारं पाणी तिकडून निघून जाईल, भिंतीतून तुमच्याकडे येणार नाही.

दुसरी काळजी: कॉक सोडवताना भिंतीतला एल्बो सोबत फिरता कामा नये. पाईप प्लास्टिकचा असेल तर एल्बो भिंतीत तडकतो आणि मग टाईल फोडणं आलं. सैल व्हायला तयार नसेल तर तिथेच थांबा आणि माणूस बोलवा.

मधला_जिना

हे सगळं करण्यापेक्षा उलटं पाणी का मारत नाही? सिंकच्या नळाला पाईप लावायचा, दुसरं टोक बेसिनच्या नळाला, दोन्ही उघडायचे. कचरा मागे ढकलला जातो. मी स्वतः केलंय.

पान्हावाला

तुमच्याकडे सिंकला थेट बाहेरच्या लाईनचं पाणी असेल आणि बेसिनला टाकीचं. तेव्हा चालतं, कारण एका बाजूला दाब जास्त असतो. इथे दोन्ही नळांना एकाच टाकीचा सारखाच दाब आहे. दोन्ही टोकांनी सारखं ढकललं तर पाणी कुठे जाणार? शिवाय सुटा कचरा असेल तरच तो हलतो. चिकटलेला गंज हलत नाही. आणि हललाच तर मागे टीमध्ये जाऊन बसतो, मग उद्या बादलीचा नळ.

आणखी एक गोष्ट. बाहेरची लाईन आणि टाकीचं पाणी असं जोडून सोडून देऊ नये. बाहेरचा दाब गेला की टाकीचं पाणी उलटं त्या लाईनमध्ये जाऊ शकतं.

मधला_जिना

हो, आमचा सिंक थेट लाईनवर होता. हे लक्षात आलं नव्हतं.

उंबरठा

काल रविवार सत्कारणी लावला. नवरा गच्चीवर व्हॉल्व्हपाशी, मी खाली बादली घेऊन, मध्ये फोन चालू. व्हॉल्व्ह बंद केल्यावरही बारीक ठिबकत होतं, पण बादलीचा नळ उघडा ठेवल्यावर भिंतीतून येणं थांबलं. ती युक्ती फार उपयोगी पडली.

अँगल कॉक न कुरकुरता निघाला. त्याच्यात दोन-तीन तांबूस कण होते, बाकी स्वच्छ. फिरवून, फुंकून पाहिला, आरपार मोकळा. मग कॉक न लावताच व्हॉल्व्ह उघडायला सांगितला. भिंतीतून थेट बादलीत. बादलीत एक लिटरची खूण करून ठेवली होती.

४० सेकंद!!

म्हणजे अँगल कॉकही नाही. भिंतीतच आहे. आता काय, टाईल फोडायची?

सुहास_क

अरेरे. मग पाईपच चोक. सगळी लाईन बदलावी लागणार बहुतेक.

पान्हावाला

थांबा थांबा. टाईल फोडायच्या गप्पा आत्ताच नकोत. बादलीचा नळ त्याच बाथरूममध्ये ७ सेकंदांत भरतो, म्हणजे त्याच्या फाट्यापर्यंतची लाईन मोकळी आहे. उरला तो फाट्यापासून बेसिनपर्यंतचा तुकडा. त्यातही आडव्या-उभ्या सरळ पाईपपेक्षा जोडांवर जास्त संशय घ्यायचा.

भिंतीतल्या भोकात टॉर्च मारा. काय दिसतं? धातूचा आटा थेट आतल्या एल्बोचा आहे, की मध्ये एक आखूड निपल आहे? टाईल बसवल्यावर एल्बो खोल गेला की प्लंबर तिथे एक-दोन इंचांचा निपल घालून आटा बाहेर आणतात.

कॉकमागची चकचकीत ताटली काढून टाका आणि त्या धातूला चुंबक लावा. ताटली ठेवून लावू नका, कधीकधी ती स्वतःच चिकटते. पितळेला चुंबक चिकटत नाही.

उंबरठा

फ्रीजवरचं चुंबक आणलं. टप्पकन चिकटलं.

टॉर्च मारल्यावर आत सगळं तपकिरी खडबडीत दिसतं आणि मधोमध एक भोक. आगपेटीची काडी जेमतेम जाईल एवढं. काडी घालून बघितली, दोनेक इंच आत गेल्यावर एकदम मोकळं लागलं.

पान्हावाला

सापडला. काडी दोन इंचांवर मोकळी झाली म्हणजे निपल तेवढाच लांब आहे आणि त्याच्यामागचा पाईप मोकळा आहे. हा जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा निपल आहे. आतून गंजत गंजत भरलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे बाहेरून निपल जसाच्या तसा आणि आत वाट बंद.

आता आकडा जुळवून बघू. अर्धा बार दाबाला दोन-सव्वादोन मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला दीडेक लिटर पाणी येतं. तुमचे ४० सेकंदांना एक लिटर म्हणजे मिनिटाला दीड लिटरच. आगपेटीची काडी जवळपास २ मिलिमीटर जाड असते. सगळं जुळतंय. एवढासा दोन इंची तुकडा, आणि त्याने आख्ख्या नळाला वेठीला धरलं होतं.

आतून ड्रिल वगैरे फिरवू नका. गंजलेला निपल पातळ झालेला असतो, आटे एल्बोत तुटून राहिले तर खरंच टाईल फोडावी लागेल. आतून पकडून फिरवायचं हत्यार प्लंबरकडे असतं. नुसत्या पान्ह्याने बाहेरून दाबून फिरवला तर चेपतो.

भिंगरी

प्लंबरला न बघता "नळ बदला" म्हणू नका असंही सांगा जाता जाता :)

उंबरठा

दुसऱ्या प्लंबरला बोलावलं. त्याला सांगितलं, बाकी काही करायचं नाही, हा निपल काढायचा आहे. त्याने माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं. आकडे लिहिलेला कागद दाखवल्यावर हसला आणि म्हणाला, मग माझं काम काय उरलं? आतून पकडायचं हत्यार घालून पाच-सात मिनिटं सावकाश हलवत निपल काढला. बाहेरून आटे ठीकठाक, आतून वाळवीच्या वारुळासारखा.

निपल नसताना व्हॉल्व्ह उघडला तेव्हा लिटरला ४ सेकंद. मी भिजले, तो भिजला, आरसा भिजला.

मग पितळेचा निपल टेफ्लॉन टेप लावून बसवला. टेप पहिल्या आट्यावर येऊ द्यायची नाही, नाहीतर तिचा तुकडा सुटून आत जातो, असं त्याने आपणहून सांगितलं. कॉक, पाईप, नळ, साफ केलेली जाळी सगळं परत लावल्यावर: ८ सेकंद.

पान्हावाला

मस्त. सिंकचे ७, तुमचे ८. तो एक सेकंद कनेक्शन पाईपच्या बारीक भोकाचा असेल. कनेक्शन पाईप नळाला जोडायच्या आधी बादलीत एकदा पाणी मोकळं सोडलं होतंत ना? निपल काढताना गंजाचे कण मागे पडतात.

उंबरठा

तेच राहिलं! घाईत थेट जोडलं.

मधला_जिना

एक शंका. पाणी सगळ्या घरात एकच, मग नेमका हाच निपल का गंजला? आमच्या जुन्या घरात जीआयचे निपल पंधरा वर्षं आहेत आणि एकही बंद झालेला नाही.

पान्हावाला

एका बाजूला पितळी आटा, दुसऱ्या बाजूला पितळी कॉक, मध्ये लोखंड, आणि आत सतत पाणी. अशा जोडीत लोखंडाच्या वाट्याला गंजणं येतं. आधी जस्त जातं, मग लोखंड. तुमच्या जुन्या घरात पाईपही जीआयचेच असतील, म्हणजे गंजायला सगळी लाईन वाटून घेते. इथे आजूबाजूला सगळं प्लास्टिक आणि पितळ, लोखंडाचा दोन इंची तुकडा एकटा सापडला.

मधला_जिना

पाईप जीआयचेच आहेत, पण अँगल कॉक पितळीच आहेत आमचे. तुमच्या हिशेबाने कॉकजवळचे निपल तरी जायला हवे होते.

पान्हावाला

मुद्दा बरोबर आहे. पाण्यावर बरंच अवलंबून असतं. कठीण पाण्यात आतून क्षाराचा पातळ थर बसतो आणि कधीकधी तोच लोखंडाला वाचवतो. मऊ किंवा आंबट पाण्यात ते संरक्षण मिळत नाही. कधी निपलचा जस्ताचा थरच पातळ असतो. उंबरठाताईंच्या बाबतीत यातलं नेमकं काय झालं हे निपल बघून सांगता येणार नाही.

सुहास_क

मग निपल पितळेचा की स्टेनलेस स्टीलचा? स्टेनलेस जास्त टिकेल असं मला वाटतं.

पान्हावाला

दोन्ही चालतात. माझा कल पितळेकडे, आटे मऊ असतात आणि पुढच्या वेळी निघतात. स्टेनलेसवर स्टेनलेस आटे कोरडे आवळले तर एकमेकांना असे चावतात की पुढे सुटत नाहीत. पण यावर भांडायला माझे दोन मित्रच पुरेसे आहेत.

मोहरा

इकडे माझा अपडेट. लांब कनेक्शन पाईप आणून अदलाबदल केली. आता गरम पाणीही कमी आणि गार पाणीही कमी! आधी गार तरी चांगलं होतं.

पान्हावाला

नवे पाईप जुन्यांपेक्षा बारीक भोकाचे तर नाहीत ना? तसं असेल तर आपण प्रयोगातच नवा अडथळा घातला. लांब पाईपांच्या टोकात एखादी छोटी जाळी किंवा प्लास्टिकची चकती आहे का बघा. काही पाईपांसोबत पाणी कमी करणारी चकती येते.

मोहरा

बघतो. पाईपाच्या तोंडात एक हिरवी रिंग दिसतेय खरी.

उंबरठा

चौथ्या दिवशी धार परत बारीक झाली. पोटात गोळाच आला. पण या वेळी आधी बाटली घेतली: १९ सेकंद. जाळी काढली: ८. जाळीत गंजाचे कण खचाखच. धुऊन लावली, परत ८. म्हणजे न केलेल्या त्या धुण्याची शिक्षा.

आणि बादलीच्या नळामागची ताटली काढून चुंबक लावलं. तिथेही चिकटलं. सध्या तिथले ७ सेकंद आहेत, तारीख टाकून बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहेत.

पान्हावाला

जाळी अजून आठवडाभर दोन दिवसांआड बघत राहा. मग कण येणं थांबेल.

निवांत

माझ्या सकाळच्या प्रश्नाचं कुणी काही सांगितलंच नाही.

भिंगरी

निवांतराव, वेगळा धागा काढा, आणि आधी बाटली घेऊन सकाळी आठला आणि दुपारी दोनला मोजून या :)